मसुदा उलटा आणि मोठ्याने वाचताना या चुका टाळा

सोसायटीचा वार्षिक अहवाल मी चार वेळा वाचला होता, शेवटी मोठ्यानेही. तरी छापून आलं ते असं: ‘१५ ऑगस्टला स्वातंत्र्यदीन साजरा करण्यात आला.’ दीन म्हणजे गरीब, लाचार. त्या दिवसाच्या नावात हा शब्द पाहून मला फार वाईट वाटलं.

पहिली चूक हीच, कानावर सगळी भिस्त ठेवणं. मराठीत ‘दिन’ लिहितात ऱ्हस्व, पण म्हणताना इकार लांबतोच. ‘गुण’चंही तसंच. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले असे शब्द मूळ रूपात लिहायचे असतात, उच्चार मात्र मराठी वळणाचा होतो. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची चूक मोठ्याने वाचून सापडेलच असं नाही. ती उलट्या वाचनात सापडते. शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायची: आला, करण्यात, साजरा, स्वातंत्र्यदीन. वाक्याचा ओघ तुटला की डोळा अंदाजाने पुढे सरकत नाही, एकेक शब्द सुटा दिसतो. शंका आली तर तिथेच कोश उघडायचा.

दुसरी चूक म्हणजे उलटं वाचून झालं की काम संपलं असं समजणं. ‘सभासदाने थकबाकी भरावेत’ यातला प्रत्येक शब्द सुटा बघितला तर बिनचूक आहे, चूक आहे ती जुळणीत. ती सरळ, मोठ्याने वाचतानाच खटकते. पण तेव्हा पुटपुटू नका. मजकूर पाठ झालेला असतो, त्यामुळे तोंड कागदावरचं सोडून मनातलं वाक्य म्हणून टाकतं. प्रिंट काढा, वाचत असलेल्या ओळीखाली पट्टी धरा आणि अनुस्वार ठासून म्हणा. ‘त्यानी’ आणि ‘त्यांनी’ यांतला फरक घाईत ऐकूच येत नाही.

आकड्यांचं वेगळं. १८,६५० ऐवजी १८,५६० पडलं तर ‘अठरा हजार पाचशे साठ’ कानाला ठीकच वाटतं. तिथे दोघं लागतात. एकाने मूळ हिशेबातून ‘एक, आठ, सहा, पाच, शून्य’ असं म्हणायचं आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवत जुळवायचं. इतिवृत्तातले ठरावही असेच ताडून घ्या. ‘मंजुरी दिली नाही’ यातला ‘नाही’ गळाला, तर उरलेलं वाक्य उलट वाचा की सुलट, निर्दोषच वाटतं.

सगळ्यात जास्त घात होतो तो दुरुस्तीनंतर. ‘सभासदाने’चं ‘सभासदांनी’ केलं आणि जुना शब्द पुसायचा राहिला, की ‘सभासदाने सभासदांनी’ छापलं जातं. म्हणून वाचताना फक्त लाल खूण करा, दुरुस्त्या नंतर एकत्र करा, आणि ज्या वाक्याला हात लागला ते पुढच्या-मागच्या वाक्यासकट पुन्हा मोठ्याने वाचा.