डी.फार्म. फार्माकोलॉजी: शेवटच्या आठवड्यात तीन युनिट्सची उजळणी

ऑटोनॉमिक, कार्डिओव्हॅस्क्युलर आणि केमोथेरपी याच क्रमाने करा. हृदयाची बरीच औषधं ऑटोनॉमिक रिसेप्टरवरच काम करतात, म्हणून पहिलं युनिट पक्कं झालं की दुसऱ्याचा बराच भार हलका होतो. केमोथेरपी मात्र पाठांतराची. ती पहिल्या दिवसापासून रोज रात्री अर्धा तास घ्या: कार्डाच्या एका बाजूला औषधाचं नाव, दुसऱ्या बाजूला क्रिया, उपयोग आणि मुख्य दुष्परिणाम. रोज दहा कार्डं पुरेत.

दिवस १ व २: ऑटोनॉमिक. कोऱ्या कागदावर तक्ता आखा. वर अल्फा-१, बीटा-१, बीटा-२ आणि मस्कॅरिनिक. डावीकडे बाहुली, हृदय, श्वासनलिका, रक्तवाहिन्या. आधी पुस्तक न उघडता भरा, मग चुका लाल पेनाने दुरुस्त करा. अल्फा-१ मुळे बाहुली मोठी होते, मस्कॅरिनिकमुळे लहान. बीटा-१ हृदयाची गती वाढवतो, बीटा-२ श्वासनलिका रुंदावतो. सगळ्यात जास्त गोंधळ ब्लॉकरचा होतो. अ‍ॅट्रोपिन मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवतं, त्यामुळे त्या रकान्याच्या उलट लिहायचं: बाहुली मोठी, तोंड कोरडं, नाडी जलद. म्हणूनच काचबिंदूत ते चालत नाही, पायलोकार्पिन चालतं.

दिवस ३ व ४: कार्डिओव्हॅस्क्युलर. औषध घेऊन तक्त्याकडे परत या. प्रोप्रॅनोलॉल बीटा-१ अडवतं, गती आणि जोर कमी होतो, हृदयाची ऑक्सिजनची गरज घटते. म्हणून अँजायना आणि उच्च रक्तदाबात उपयोग. तेच बीटा-२ सुद्धा अडवतं, श्वासनलिका आकुंचन पावते; म्हणून दम्याच्या रुग्णाला द्यायचं नाही. क्रिया, उपयोग, निषेध असे तीन मुद्दे एकाच साखळीतून निघाले. हृदयाच्या अनियमित ठोक्यांची औषधं शेवटी ठेवा, वर्गीकरण आणि प्रत्येक वर्गाचं एक नाव एवढंच करा. डिगॉक्सिनसोबत फ्युरोसेमाइड असेल तर पोटॅशियम घटून डिगॉक्सिनची विषबाधा वाढते, हे मात्र सोडू नका.

दिवस ५ व ६: केमोथेरपी. कार्डं क्रियेनुसार ढीग करून लावा: पेनिसिलिन पेशीभित्तिकेवर, टेट्रासायक्लिन प्रथिननिर्मितीवर. क्षयाच्या औषधांना पूर्ण दुपार द्या, कारण इथे दुष्परिणामांची अदलाबदल होते. आयसोनियाझिड: हातापायांना मुंग्या, म्हणून पायरिडॉक्सिन सोबत. रिफॅम्पिसिन: लघवी नारिंगी. इथॅम्ब्युटॉल: दृष्टिदोष. पायरॅझिनामाइड: युरिक अ‍ॅसिड वाढतं. चारही नावं झाकून फक्त दुष्परिणामावरून औषध ओळखता आलं, तरच ते कार्ड बाजूला ठेवा.

दिवस ७. सकाळी तीन तास लावून जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण लिहा. दुपारी फक्त लाल पेनाच्या चुका आणि अडलेली कार्डं. नवा विषय उघडू नका. रात्री ऑटोनॉमिकचा तक्ता न बघता एकदा पुन्हा भरा आणि झोपा.