स्वतःच्या उत्तरांना गुण देण्याआधीची तयारी

परीक्षा संपल्यानंतर गुणदान योजना प्रसिद्ध झाली, की बहुतेक जण ती लगेच उघडतात आणि प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून मनातल्या मनात गुण मोजू लागतात. मीही तसेच केले होते. ८० गुणांच्या पदार्थविज्ञानाच्या लेखी परीक्षेत मला ६८ गुण मिळतील असा माझा हिशेब होता आणि प्रत्यक्षात ५७ मिळाले. पुढे उत्तरपत्रिकेची छायाप्रत हाती आल्यावर मी तीच योजना घेऊन ती ओळीओळीने तपासली, तेव्हा परीक्षकाची एकही चूक सापडली नाही. ११ गुणांच्या फरकापैकी ७ गुण मी ज्या ओळींसाठी स्वतःला दिले होते, त्या ओळी मी लिहिलेल्याच नव्हत्या. उरलेल्या ४ पैकी ३ गुण योजना नीट न वाचल्यामुळे गेले होते आणि १ बेरजेतल्या चुकीचा होता. पुढची यादी त्या छायाप्रतीवरून तयार झालेली आहे.

प्रश्नपत्रिका तुमच्याच संचाची आणि योजना त्याच संचाची असावी, हे वेगळे सांगायला नको.

योजना उघडण्यापूर्वी आपण उत्तरपत्रिकेत काय लिहिले ते कागदावर उतरवून काढावे. हे काम परीक्षेच्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत व्हायला हवे. उत्तर काय होते हे लिहून पुरत नाही. प्रत्येक पायरी, वापरलेले सूत्र, घातलेल्या किमती, शेवटचे एकक, आकृती काढली असल्यास तिच्यावर कोणती नावे दिली होती, हे सर्व ज्या क्रमाने लिहिले त्या क्रमाने उतरवावे. प्रश्नपत्रिकेच्या कडेला केलेले कच्चे काम हा यातला सर्वांत विश्वासू पुरावा असतो, म्हणून सुरुवात त्यापासून करावी. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करावी: नक्की लिहिले, बहुधा लिहिले, आठवत नाही. हा कागद शाईने लिहावा, खाली तारीख आणि वेळ घालावी, आणि त्यानंतर त्यात काहीही भरू नये.

याचे कारण सविस्तर सांगतो, कारण माझे सात गुण इथेच गेले. बरोबर उत्तर एकदा डोळ्यांसमोर आले, की आपण काय लिहिले होते याची आठवण शुद्ध राहत नाही. योजनेतली पायरी ओळखीची वाटते, कारण ती आपण अभ्यासलेली असते, आणि हा अभ्यासाचा परिचय आपल्याला लिहिल्याची आठवण वाटू लागतो. यात लबाडी नसते. माणूस मनापासून चुकतो, आणि म्हणूनच प्रामाणिकपणे तपासण्याचा निश्चय केल्याने ही चूक टळत नाही. ती टाळण्याचा एकच मार्ग आहे: आधी आठवण कागदावर, मग योजना.

माझ्याच पत्रिकेतले एक उदाहरण घेऊ. ३० अंशांच्या उतारावर २ किलोग्रॅमचा ठोकळा स्थिर अवस्थेतून ५ मीटर घसरतो, घर्षणगुणांक ०.२ आहे, त्वरण आणि तळाशी असलेला वेग काढा. प्रश्न ५ गुणांचा होता आणि योजनेत गुणांची विभागणी अशी होती: लंब प्रतिक्रिया N = mg cosθ हिला १, गतीचे समीकरण mg sinθ − μN = ma याला १, त्वरण ३.२ मी/से² याला १, v² = 2as या सूत्राच्या वापराला १, आणि वेग ५.७ मी/से याला एककासह १. मी योजना आधी पाहिली, पाचही ओळी ओळखीच्या वाटल्या आणि मी स्वतःला पाचपैकी पाच दिले. छायाप्रतीत मी N = mg लिहिलेले होते. cosθ त्या पानावर कुठेच नव्हता, आणि तरीही योजना वाचताना तो लिहिल्याचे मला स्पष्ट ‘आठवले’ होते.

त्या उत्तराला प्रत्यक्षात किती गुण मिळाले ते पाहणे उपयोगाचे आहे, कारण पायरीनिहाय गुणांचे स्वरूप त्यातून कळते. N चुकल्याने पहिला गुण गेला. समीकरणाची मांडणी योग्य होती, त्यामुळे दुसरा मिळाला. g ची किंमत ९.८ धरून चुकीच्या N मुळे माझे त्वरण २.९ आले, म्हणून तिसरा गेला. चौथा सूत्राच्या वापराचा होता, तो मिळाला. पाचवा गुण मात्र योजनेतल्या एका वाक्यावर अवलंबून होता. आधीच्या चुकीच्या किमतीवरून पुढची पायरी बरोबर केली असेल तर गुण द्यावा, असे योजना म्हणत असेल, तर माझ्या ५.४ या वेगालाही तो मिळाला असता. त्या योजनेत या ओळीपुढे ‘केवळ अचूक उत्तरास’ असे लिहिलेले होते, म्हणून मिळाले २. म्हणजे एकच अक्षरसमूह गळाल्याने ३ गुण गेले, आणि योजना उदार असती तरी २ गेलेच असते.

म्हणून पुढची तयारी अशी, की गुण मोजण्यापूर्वी योजनेच्या सुरुवातीच्या सूचना पूर्ण वाचाव्यात. बहुतेक लोक हे पान ओलांडून थेट पहिल्या प्रश्नावर जातात. मीही गेलो होतो, आणि उरलेल्या चार गुणांपैकी तीन त्यामुळेच फसले. या पानात चार गोष्टी शोधायच्या असतात. पहिली, पद्धतीचा गुण आणि अचूकतेचा गुण वेगळे आहेत का. वेगळे असतील, तर पद्धतीचा गुण नसताना अचूकतेचा गुण सहसा मिळत नाही, म्हणजे चुकीच्या मार्गाने योगायोगाने आलेले बरोबर उत्तर फुकट जाते. दुसरी, चूक पुढच्या पायरीत वाहून गेल्यास पुन्हा दंड होतो का. तिसरी, एकाच प्रश्नाची दोन उत्तरे लिहिली असतील किंवा एखादे खोडले असेल, तर परीक्षक कोणते धरतो. चौथी, एकक आणि सार्थ अंक यांचा दंड प्रत्येक वेळी की संपूर्ण पत्रिकेत एकदाच. एवढे कळले नाही, तर प्रश्नाप्रश्नाने केलेली बेरीज निव्वळ अंदाज ठरते.

इथे आपल्या कागदाचा पुन्हा उल्लेख करतो. तो तयार झालेला नसेल, तर सूचनांचे हे पानही वाचू नका, कारण त्यातल्या नमुना उत्तरांवरूनही आठवण बिघडू शकते.

गुण देताना दोन रकाने आखावेत, एक कमीत कमी आणि एक जास्तीत जास्त. ‘नक्की लिहिले’ अशी खूण असलेल्या आणि योजनेशी स्पष्टपणे जुळणाऱ्या ओळीचा गुण दोन्ही रकान्यांत जातो. ‘बहुधा लिहिले’ असलेली ओळ, किंवा परीक्षक ‘समतुल्य’ मानेल की नाही याची खात्री नसलेली मांडणी फक्त दुसऱ्या रकान्यात जाते. ‘आठवत नाही’ ही ओळ कोणत्याच रकान्यात जात नाही, मग ती कितीही सोपी असो. आणि योजना वाचताना एखादी पायरी अचानक आठवली, तर ती वेगळ्या रंगाच्या शाईने लिहावी आणि पहिल्या रकान्यात कधीही घेऊ नये. माझ्या बाबतीत अशा ‘अचानक आठवलेल्या’ ओळींपैकी एकही छायाप्रतीत नव्हती. हा नियम कठोर वाटला तरी सोडू नका.

वर्णनात्मक प्रश्नांत वेगळी चूक होते. योजनेत सहा मुद्दे दिलेले असतात आणि वर ‘कोणतेही तीन’ असे म्हटलेले असते, त्यामुळे पाच मुद्दे लिहिले तरी तीनच गुण मिळतात. एकच मुद्दा दोन शब्दरूपांत लिहिला असेल तर त्याचा एकच गुण धरावा. बरोबर मुद्द्याच्या लगेच पुढे त्याला विरोधी विधान लिहिले असेल, तर बऱ्याच योजनांत तो गुण रद्द होतो. दोन पर्यायी रीती दिलेल्या असतील, तर एकीचे काही आणि दुसरीचे काही गुण वेचून घेऊ नयेत. ज्या एका रीतीने उत्तर लिहिले तिच्यानुसारच मोजावे.

शक्य असेल तर तुमचा कागद आणि योजना एखाद्या सहाध्यायीला द्या आणि गुण त्याला देऊ द्या. त्याच्याकडे फक्त कागद असतो, तुमच्या मनातला हेतू नसतो. परीक्षकाचीही स्थिती तीच असते. पण अट तीच: कागद योजना पाहण्यापूर्वीचा हवा. नंतर लिहिलेला कागद कितीही कडक माणसाकडून तपासून घेतला, तरी तुमची चूक तो पकडू शकत नाही, कारण ती चूक कागदावर दिसतच नाही.

दोन रकान्यांच्या बेरजांमधले अंतर कसे वाचावे, याविषयी एक सावधगिरी. समजा खालची बेरीज ५२ आणि वरची ६४ आली, म्हणजे १२ गुण संशयाचे आहेत. हे संशय एकमेकांशी असंबद्ध असतील, तर काही तुमच्या बाजूने आणि काही विरुद्ध पडतील आणि खरा आकडा ५८ च्या आसपास असण्याची शक्यता अधिक राहील. पण संशय एकाच कारणाचा असेल, उदाहरणार्थ वाहून गेलेल्या चुकीला दंड आहे की नाही हे योजनेवरून स्पष्ट होत नसेल, तर ते सगळे गुण एकत्र मिळतील किंवा एकत्र जातील, आणि मधला आकडा दिशाभूल करील. म्हणून प्रत्येक संशयापुढे त्याचे कारण एका शब्दात लिहावे.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. बेरीज दोनदा करावी, एकदा प्रश्नवार आणि एकदा पानवार. माझा शेवटचा एक गुण नुसत्या बेरजेत वाढलेला होता. ऐच्छिक प्रश्न ठरल्यापेक्षा जास्त सोडवले असतील, तर कोणते धरले जातात ते सूचनांत पाहावे. योजना तात्पुरती असेल, तर अंतिम आल्यावर रकाने पुन्हा भरावेत, पण त्या मूळ कागदाला हात लावू नये. निकालात मूळ गुणांऐवजी रूपांतरित गुण जाहीर होत असतील, तर आपला हिशेब मूळ गुणांचा आहे हे वर लिहून ठेवावे. आणि पुढच्या पत्रिकेची परीक्षा देऊन घरी आल्यावर, कोणाशीही उत्तरांची चर्चा करण्यापूर्वी, शाईने कागद लिहायला बसावे.