आधी निर्वाणापासून मोजा, मग सन लावा (बौद्ध धर्माचा प्रसार, रिव्हिजनचं एक पान)

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत, प्राचीन भारतात माझे सगळ्यात जास्त मार्क गेले ते बौद्ध धर्माच्या प्रसारात, आणि गंमत म्हणजे घटना सगळ्या येत होत्या, घोळ फक्त सनांचा होता. गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत माझ्या टेबलावर तीन पुस्तकं असायची आणि तिन्हींत बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचं साल वेगळं, एकात इ.स.पू. ५४४, दुसऱ्यात ४८६, तिसऱ्यात ४८३. मी हुशारी करून तिन्ही पाठ केली आणि टेस्टमध्ये एका पुस्तकाचं निर्वाण, दुसऱ्याची संगीती म्हणजे भिक्खूंची धर्मसभा, असं कडबोळं करून आले. वर अजून एक मूर्खपणा, अशोकाचा राज्याभिषेक २६९ आणि कलिंग युद्ध त्यानंतर ८ वर्षांनी, हे नीट माहीत असून मी २७७ वर टिक केलं. इ.स.पू. मध्ये काळ पुढे जातो तसा आकडा कमी होतो, ते २६१ यायला हवं. हे वाचताना सोपं वाटतं, पण घड्याळ लावून पेपर सोडवताना हात आपोआप बेरीज करतो.

अभ्यासिकेतल्या एका सिनियर दादाने माझी वही बघितली आणि म्हणाला, "तू सन का पाठ करतेयस? जुन्या ग्रंथांत सन लिहिलेलेच नाहीत, त्यांनी निर्वाणापासून वर्षं मोजलीत. तू पण तशीच मोज." तेवढ्या एका वाक्यावर माझं सगळं पान बदललं.

आता पान कसं केलं ते सांगते. कोरा कागद आडवा धरायचा, डावीकडे पेन्सिलने एक रकाना, त्याला नाव "निर्वाणानंतर". त्यात फक्त चार आकडे लिहायचे, ०, १००, २१८, २३६. हे श्रीलंकेच्या महावंस या पाली ग्रंथाच्या परंपरेतले आकडे आहेत. ० ला निर्वाण आणि त्याच वर्षी पावसाळ्यात राजगृहाला पहिली संगीती, अजातशत्रूच्या काळात, अध्यक्ष महाकस्सप, विनय म्हणजे भिक्खूंचे नियम सांगितले उपालीने आणि सुत्त म्हणजे बुद्धांचे उपदेश आनंदाने. १०० ला वैशालीची दुसरी, वज्जी भिक्खूंच्या दहा गोष्टींवरून भांडण, त्यात शिंगात मीठ साठवून ठेवणं आहे आणि सोनं-चांदी स्वीकारणंही आहे, खरा तंटा अर्थातच या शेवटच्यावर. राजा काळाशोक. स्थविरवादी आणि महासांघिक ही फूट पुस्तकं इथेच जोडतात. २१८ ला अशोकाचा राज्याभिषेक. २३६ ला पाटलीपुत्राची तिसरी संगीती, अध्यक्ष मोग्गलिपुत्त तिस्स, त्यांचा ग्रंथ कथावत्थु, आणि लगेच महेंद्र श्रीलंकेला.

एवढं झालं की उजवीकडचा रकाना, म्हणजे सन. पण तो ० पासून भरायचा नाही, २१८ पासून भरायचा, कारण पक्का खुंटा तिथेच आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावं आहेत, अंतियोक, तुलमय, अंतेकिन, मग आणि अलिकसुंदर. ग्रीक इतिहासात या राजांच्या कारकिर्दी माहीत आहेत आणि पाचही एकाच वेळी गादीवर असण्याचा काळ इ.स.पू. २५० च्या थोडा आधीच येतो. हे लेख राज्याभिषेकानंतरच्या बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आसपासचे, म्हणून राज्याभिषेक २६८-२६९ च्या जवळ. आता २६८ मध्ये २१८ मिळवा, ४८६ आलं. म्हणजे ४८६ हे कुठे कोरलेलं साल नाही, ही बेरीज आहे! मग दुसरी संगीती ३८६ आणि तिसरी ४८६ वजा २३६ म्हणजे २५०, जे सगळ्याच पुस्तकांत असतं.

ज्या पुस्तकात निर्वाण ४८३ आहे तिथे दुसरी संगीती ३८३ दिलेली असते. पण त्याच पुस्तकात तिसरी मात्र २५०, कारण लेखकाने ती वेगळीकडून उचललेली. तीन वर्षांचा हा फरक परीक्षेत फारसा नडत नाही, पर्याय एवढे जवळचे देत नाहीत. फक्त एका ओळीत ४८६ आणि पुढच्या ओळीत ३८३ असं लिहू नका, मेन्सला तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं.

आणि ५४४? त्यालाही हीच वजाबाकी लावून बघा. ५४४ वजा २१८ म्हणजे ३२६. त्या साली अलेक्झांडर पंजाबात पोरसशी लढत होता, मगधात नंद होते, चंद्रगुप्तही अजून गादीवर नव्हता, मग त्याचा नातू अशोक कुठून आला? साठएक वर्षांची ही फट कशानेच बुजत नाही, म्हणून इतिहासकार ५४४ घेत नाहीत. पण ते चूक म्हणून खोडूनही टाकू नका, कारण बौद्ध संवत त्यावरच चालतो. १९५६ मध्ये भारतात २५०० वी बुद्धजयंती साजरी झाली, १९५६ अधिक ५४४ बरोबर २५००, आणि त्याच वर्षी नागपूरची दीक्षा. (त्या प्रवासाची घोषणा १९३५ ला आमच्या जिल्ह्यात येवल्याला झाली, त्यामुळे नाशिककराला १९५६ विसरणं शक्यच नाही.) प्रश्न "परंपरेनुसार" म्हणतोय की इतिहासाचं साल विचारतोय, तेवढं वाचायचं. बाकी आजचे बरेच संशोधक निर्वाण आणखी पुढे, इ.स.पू. ४०० च्या आसपास आणतात, ते मेन्सच्या उत्तरात एका ओळीत टाकायला बरं, पूर्वला त्याच्या नादी लागू नका.

याच पानावर दुसरा एक छोटा रकाना हवा, "राज्याभिषेकानंतर". अशोक स्वतः असाच मोजतो, अभिषेकाला इतकी वर्षं झाल्यावर मी हे केलं. ८ ला कलिंग, १० ला संबोधीची म्हणजे बोधगयेची यात्रा, १३ ला धम्ममहामात्र हे अधिकारी नेमले, २० ला लुंबिनी, तिथे बळी हा कर माफ आणि भाग म्हणजे पिकातला राजाचा वाटा आठवा हिस्सा. यातला १० वाला उल्लेख आठव्या शिलालेखात आहे, आणि आपल्या सोपाऱ्याला १८८२ मध्ये जो तुकडा सापडला तो याच आठव्या लेखाचा. मी आठवा लेख, सोपारा आणि बोधगया एकत्र बांधून ठेवलं, परत कधी सुटलं नाही.

मोहिमांच्या नावांत मात्र मी बराच काळ अडकले. तिसऱ्या संगीतीनंतर ठिकठिकाणी थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू पाठवले, त्यात महारट्ठला म्हणजे आपल्याकडे महाधम्मरक्खित, अपरांताला म्हणजे कोकणपट्टीला योन धम्मरक्खित, आणि योनांच्या म्हणजे ग्रीकांच्या प्रदेशात महारक्खित. नावं मुद्दाम फसवायला ठेवल्यासारखी. योन माणूस अपरांताला गेला, योन देशात नाही, एवढी एक गाठ मारली की बाकीचे दोन आपोआप बसतात. इथे एक गोष्ट गाइडमध्ये सहसा नसते, ती म्हणजे अशोकाच्या कुठल्याच लेखात तिसऱ्या संगीतीचा उल्लेख नाही, ती आपल्याला पाली ग्रंथांतून कळते. मग मोहिमा नुसत्या कथा का? तर नाही, सांचीच्या दुसऱ्या स्तूपात ज्या अस्थिमंजूषा सापडल्या त्यांवर मोग्गलिपुत्ताचं नाव आहे आणि "सगळ्या हिमवंताचा आचार्य" असा कासपगोताचा उल्लेखही आहे, आणि ग्रंथांत हिमवंताच्या मोहिमेत कस्सपगोत्त आहेच. मेन्सला ही दोन वाक्यं लिहिली तर उत्तराला वजन येतं.

चौथ्या संगीतीला डोकं शांत ठेवा, कारण त्या दोन आहेत. थेरवादी मोजतात ती श्रीलंकेतली, वट्टगामणी अभय राजाच्या काळात, इ.स.पू. पहिल्या शतकात, तोपर्यंत तोंडपाठ चालत आलेलं त्रिपिटक तेव्हा लिहून काढलं. आपल्या पुस्तकांतली काश्मीरची, कुंडलवन, कनिष्क, अध्यक्ष वसुमित्र, उपाध्यक्ष अश्वघोष. कितीतरी नोट्समध्ये या संगीतीचं साल इ.स. ७२ आणि त्याच पानावर कनिष्काचं राज्यारोहण ७८! गादीवर बसायच्या सहा वर्षं आधी राजाने संगीती कशी भरवली हे कोणी विचारत नाही. त्यात आता बरेच अभ्यासक कनिष्काची सुरुवात इ.स. १२७ च्या आसपास धरतात. मी पानावर साल लिहिलंच नाही, "कनिष्क, श्रीलंकेच्या नंतर" एवढंच लिहिलं. क्रम लावायचा प्रश्न त्यावर सुटतो, फूट, कथावत्थु, त्रिपिटक लिहिणं, कुंडलवन.

एवढं झाल्यावर एका रविवारी सकाळी पांडवलेण्यांवर गेले, अभ्यासाला सुट्टी म्हणून गेले होते खरं तर. १९ नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा कन्ह म्हणजे कृष्ण याच्या काळातला लेख आहे, लेणं करवून घेणारा कोण, तर नासिकचा श्रमणांचा महामात्र. धम्ममहामात्र पाठ करून करून डोळे दुखले होते आणि जवळपास तसाच हुद्दा आमच्या गावाच्या नावासकट समोर भिंतीवर.

मग १० नंबर, नहपानाचा जावई उषवदात याचं. लेखात ४२ हे वर्ष आहे, आणि हिशोब असा की ३००० कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी दान, त्यातले २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे ठेवायचे, व्याज महिना शेकडा एक, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. मी तिथेच पायरीवर बसून मोबाइलवर करून बघितलं, महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि २० गुणिले १२ पण २४०. पैसा न पैसा जुळतो. मुद्दल मोडायचंच नाही, नुसत्या व्याजावर वस्त्रं. धर्म व्यापारी मार्गांवरून पसरला असं आपण उत्तरात ठोकून देतो, त्या वाक्याखाली लिहायला मला हा हिशोब मिळाला. वैशालीला सोनं-चांदी घ्यावी की नाही यावरून संघ भांडला होता, आणि इथे भिक्खूंच्या कपड्यांचे पैसे गावातल्या विणकरांकडे व्याजाने लागलेत. दोन्ही गोष्टी मी आता एकाच पानावर, एक डावीकडे वर आणि एक उजवीकडे खाली, बाण काढून जोडून ठेवल्यात.