'सांभाळून घ्या' इंग्रजीत कसं लिहायचं – माझा अनुभव

क्लायंटला रिपोर्ट पाठवताना मी शेवटी नेहमी लिहायचे, 'प्लीज एक्सक्यूज एनी मिस्टेक्स'. डोक्यात आपलं 'काही चुकलं असल्यास सांभाळून घ्यावे' असायचं. एकदा क्लायंटचा उलट मेल आला की यात चुका आहेत का, असतील तर तपासलेली कॉपी येईपर्यंत मी थांबतो. रिपोर्ट तर मी दोनदा तपासला होता, फार वाईट वाटलं.

मग लक्षात आलं की मराठीत ते वाक्य म्हणजे नुसता नमस्कार असतो, कोणी शब्दशः घेत नाही, पण इंग्रजीत ते कबुलीजबाब म्हणून वाचलं जातं. आता मी स्वतःला विचारते, मला खरंच शंका कुठे आहे? तेवढीच लिहिते: 'आय हॅव चेक्ड द टोटल्स. द डेट्स आर फ्रॉम युअर ओल्ड शीट, सो प्लीज करेक्ट एनी दॅट हॅव चेंज्ड.' यात नम्रपणा आहेच, समोरच्याला दुरुस्तीची जागा दिलीये, फक्त ती जागा नेमकी कुठली ते सांगितलंय.

'तसदीबद्दल क्षमस्व'चंही तसंच, तिथे माफीऐवजी समोरच्याने जे केलं त्याचे आभार मानायचे, 'थँक यू फॉर सेंडिंग द फाइल अगेन'. मात्र चूक खरंच आपली असेल तर सॉरी हवंच, एकदाच, आणि लगेच पुढच्या वाक्यात काय दुरुस्त केलं ते. तीनदा सॉरी लिहिलं की समोरच्यालाच आपली समजूत काढत बसावं लागतं.