व्हॉट्सअ‍ॅप खातं डिलीट केलं, तरी ग्रुपात जुने दर तसेच? या चुका टाळा

देवगडचा एक आंबा बागायतदार घ्या. हंगाम संपला, नंबर बदलायचा ठरला, म्हणून त्याने जुन्या नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप फोनमधून काढून टाकलं. पहिली चूक इथेच. अ‍ॅप काढल्याने खातं जात नाही. गिऱ्हाइकांना त्याचं नाव, फोटो सगळं दिसतच राहतं, आणि ऑर्डरीचे मेसेज एका टिकवर अडकून पडतात. खातं खरंच मिटवायचं तर अ‍ॅप उघडून Settings, मग Account, मग Delete account असं जावं लागतं आणि +91 सह नंबर टाकावा लागतो. हे सिम चालू असतानाच उरका. अ‍ॅप काढलंय आणि सिमही बंद झालंय, तर परत आत शिरायला लागणारा ओटीपी कुठे येणार?

दुसरा घोळ मुदतीचा. इन्स्टाग्रामवर 30 दिवसांत लॉगिन केलं की डिलीट रद्द होतं. व्हॉट्सअ‍ॅपला तशी सवलत नाही. शेवटचं बटण दाबलं की प्रोफाइल, फोनमधल्या गप्पा आणि अँड्रॉइडवर गुगलमधला बॅकअपसुद्धा गेला. सगळ्या ग्रुपांतूनही तुम्ही बाहेर. कंपनी सांगते ते 90 दिवस तिला स्वतःकडची माहिती पुसायला लागतात, तुम्हाला विचार बदलायला नव्हे. त्याच नंबरने पुन्हा आलात तरी पाटी कोरी. म्हणून बागायतदाराने आधी पत्ते आणि उधारीच्या गप्पा Export chat ने बाहेर काढायला हव्या होत्या.

आता खरी तक्रार: “खातं गेलं, मग ग्रुपात माझा जुना दर आणि क्यूआर अजून कसा?” कारण तो मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर नाहीच. मेसेज पोचला की सर्व्हरवरून पुसला जातो. पुढे तो प्रत्येक सभासदाच्या फोनात स्वतंत्र प्रत म्हणून राहतो. लग्नपत्रिका वाटून झाल्यावर छापखाना बंद केला, म्हणून घरोघरच्या पत्रिका परत येत नाहीत. तुमचं खातं मिटवणाऱ्याचा हात दुसऱ्याच्या फोनातल्या प्रतीपर्यंत पोचत नाही.

मग काय करायचं? खातं मिटवण्याआधी ताजे मेसेज Delete for everyone ने काढा. ती सोय पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसच चालते. नंतर खातं गेलं की तेही हातात नाही. त्याहून जुना क्यूआर असेल तर ग्रुपात स्पष्ट लिहा: “या नंबरवर आणि या क्यूआरवर पैसे पाठवू नका, नवा नंबर असा.” ग्रुप सोडण्याआधी हे लिहिलं तर तेही सगळ्यांच्या फोनात राहील, आणि इथे ते आपल्या फायद्याचंच आहे.

तसं पाहिलं तर या बागायतदाराला खातं डिलीट करायची गरजच नव्हती. Account मध्येच Change number आहे. त्याने खातं नव्या नंबरवर जातं, ग्रुप टिकतात आणि नंबर बदलल्याची सूचना ग्रुपांत आपोआप जाते. आंब्याच्या पेट्या विकणाऱ्याला तेवढंच हवं होतं.