रिफर्बिश्ड लॅपटॉप ऑनलाइन घेताय? डबा आला त्याच दिवशी हे तपासा

मावशीच्या मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप पाहिजे होता, बजेट 25 हजार. नागपूरच्या सीताबर्डीत दोन-तीन दुकानं फिरून झाली, नवीन त्या पैशात जे मिळून राहिलं होतं ते इतकं स्लो की दोन वर्षांत कंटाळा आला असता. मग ठरलं की रिफर्बिश्ड बघू, ऑनलाइन. खाली जे लिहितोय ते सगळं त्या एका लॅपटॉपवर केलेलं आहे, डेलचा लॅटिट्यूड 7490, पण एचपी एलिटबुक असो की थिंकपॅड, पद्धत हीच.

आधी हे समजून घ्या की हे लॅपटॉप बहुतेक कंपन्यांमधून निघालेले असतात. कंपनी तीन-चार वर्षं वापरते, मग लॉटमध्ये विकते, कोणीतरी ते साफ करून, रॅम नाहीतर एसएसडी टाकून आपल्याला विकतो. मशीन दणकट असते, त्यात वाद नाही. घोळ होतो तो बॅटरीत, लॉकमध्ये आणि वॉरंटी नावाच्या शब्दात.

ऑर्डर करायच्या आधी

प्रोसेसर पहिले पहा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढचं पाहिजे. आय 5 लिहिलंय म्हणून खुश होऊ नका, त्यापुढचा नंबर वाचा. 8350 म्हणजे आठवी, 6300 म्हणजे सहावी. सहावी-सातवीवाले जुगाड करून विंडोज 11 टाकून देतात, पुढे अपडेटला तेच अडतं, त्यामुळे स्वस्त दिसलं तरी सोडून द्या.

मग वॉरंटी. "6 महिने वॉरंटी" एवढं वाचून थांबू नका, ती देणार कोण ते शोधा. डेल-एचपीची मूळ वॉरंटी या वयाच्या मशीनवर जवळपास कधीच उरलेली नसते, म्हणजे जी आहे ती विक्रेत्याची नाहीतर त्या वेबसाइटची. विक्रेता दिल्लीचा असेल आणि अटींमध्ये लिहिलं असेल की ग्राहकाने मशीन आमच्या सेंटरला आणून द्यावी, तर नागपूरहून तुम्ही कुरियर करणार, त्याचा खर्च तुमचा, वाटेत काही तुटलं तर भांडणही तुमचंच. म्हणून चॅटमध्ये तीन गोष्टी विचारा: नागपूरच्या पिनकोडवरून पिकअप होतो का, येण्या-जाण्याचं कुरियर कोण भरेल, आणि बॅटरी-चार्जर वॉरंटीत आहेत का. बॅटरीला बरेच जण फक्त एक महिना देतात किंवा देतच नाहीत. हे फोनवर नका विचारू, वेबसाइटच्या चॅटमध्येच विचारा आणि स्क्रीनशॉट ठेवा. लिस्टिंगच्या पानाचाही स्क्रीनशॉट घ्या, कारण नंतर तो मजकूर बदलू शकतो. आमच्या लिस्टिंगवर लिहिलं होतं, बॅटरी हेल्थ 80 टक्क्यांच्या वर. ते वाक्य पुढे कामी आलं.

विक्रेता पाहताना प्रॉडक्टचे स्टार आणि विक्रेत्याचे स्टार वेगळे असतात हे विसरू नका. एकाच लॅपटॉपखाली पाच विक्रेते असतात आणि रिव्ह्यू सगळ्यांचे एकत्र दिसतात. विक्रेत्याच्या नावावर क्लिक करा, रिव्ह्यू नवीन आधी असे लावा आणि दोन-तीन स्टारवाले वाचा. पाच स्टारवाला डबा उघडल्या-उघडल्या लिहितो, एक स्टारवाला बऱ्याचदा कुरियरवर चिडलेला असतो, मधले लोक सांगतात की दोन महिन्यांनी काय झालं आणि विक्रेत्याने फोन उचलला का.

स्वतंत्र वेबसाइट असेल तर जीएसटी नंबर मागा. 15 अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाकला की नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि नंबर चालू आहे की रद्द झाला ते दिसते. दुकान म्हणतं आम्ही दहा वर्षांपासून या धंद्यात आहोत आणि नोंदणी चार महिन्यांपूर्वीची, नाहीतर नाव भलतंच, तर तिथे ॲडव्हान्स पैसे भरू नका.

डबा आला त्या दिवशी

डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा, सील आणि पत्त्याचं लेबल दिसलं पाहिजे. मग लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. डगमगतोय का, झाकण नीट बसतंय का, टचपॅड वर उचललेला आहे का ते पहा. या मॉडेलमध्ये बॅटरी हात टेकायच्या जागेच्या खालीच असते, ती फुगली की टचपॅड वर येतो आणि क्लिक नीट होत नाही. असं दिसलं तर चार्जिंगला लावूच नका, सरळ रिटर्न टाका. मे महिन्यात कुरियरची गाडी उन्हात उभी असते, तेव्हा डबा गरम लागला तर मशीन थंड होऊ द्या, मग चालू करा.

सर्व्हिस टॅग म्हणजे डेलचा सिरियल नंबर, खालच्या स्टिकरवर असतो, सात अक्षरांचा. आता पॉवरशेलमध्ये हे टाका:

```
Get-CimInstance Win32_BIOS
```

SerialNumber समोर जे येईल ते, स्टिकर आणि बिल, तिन्ही ठिकाणी एकच पाहिजे. तो टॅग डेलच्या सपोर्ट पानावर टाकला की मशीन कधी पाठवली गेली आणि वॉरंटी कधी संपली ते कळतं. बिलावर टॅग नसेल तर त्याच दिवशी लिहून मागा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी "ही मशीन आमची नाहीच" असं ऐकावं लागेल.

आता बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि:

```
powercfg /batteryreport
```

फाइल कुठे सेव्ह झाली ते खालीच येते, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात तीन ओळी पाहायच्या. DESIGN CAPACITY म्हणजे नवीन असताना किती, FULL CHARGE CAPACITY म्हणजे आता फुल चार्ज केल्यावर किती, CYCLE COUNT म्हणजे किती वेळा पूर्ण वापरली. आमच्या मशीनमध्ये आलं डिझाइन 60,000 mWh, आत्ता 36,600 mWh, सायकल 412. भागाकार केला, 61 टक्के. साधं ब्राउझिंग-टायपिंग करताना असा लॅपटॉप ढोबळमानाने 9 वॅट खातो असं धरलं तर नवीन बॅटरी साडेसहा तास गेली असती, ही चार तास. चार तास वाईट नाहीत पण सांगितलेलं 80 होतं, आणि तिला दिवसभर कॉलेजात चार्जरशिवाय चालवायचा होता.

उलटही होतं, ते जास्त फसवं आहे. डिझाइन आणि फुल चार्ज दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आणि सायकल शून्य, असं दिसलं तर एकतर बॅटरी खरंच नवी टाकली आहे किंवा लोकल बॅटरीच्या चिपमध्ये तसं भरलेलं आहे. रिपोर्ट पाहून हे कळत नाही, त्याला चालवूनच पाहावं लागतं. फुल चार्ज करा, चार्जर काढा, ब्राइटनेस अर्धा, वायफायवर व्हिडिओ लावून ठेवा आणि दर अर्ध्या तासाला टक्के लिहा. चांगली बॅटरी सारख्या गतीने उतरते. 40 वरून एकदम 12 वर आली नाहीतर 30 टक्क्यांवरच बंद पडली तर आकडा काहीही म्हणो, ती खराब आहे.

मग लॉक तपासा, हे बहुतेक लोक करतच नाहीत आणि मला तर हे बॅटरीपेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण बॅटरी बदलता येते. कंपनीच्या मशीन ऑनलाइन त्या कंपनीच्या नावावर नोंदवलेल्या असतात. विक्रेत्याने नेट न जोडता विंडोज टाकून दिलं तर काही दिसत नाही. म्हणून बॅटरी रिपोर्ट पेनड्राइव्हवर घेऊन Reset this PC मधून Remove everything करा आणि सेटअपच्या वेळी वायफाय जोडा. तिथे एखाद्या कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागितला तर ती नोंद सहसा ती कंपनीच काढू शकते. फोटो काढा आणि परत करा. डेल असेल तर चालू करताना F2 दाबून बायोसही उघडा, पासवर्ड मागितला तर तेही परत करायचं कारण.

विंडोज खरं आहे का ते असं पहा:

```
slmgr /xpr
```

permanently activated आलं तर ठीक. पुढची एखादी तारीख आली तर ते ऑफिसवालं तात्पुरतं ॲक्टिव्हेशन आहे, त्या तारखेनंतर अडेल.

फोन असेल तर काम कमी आहे. आयफोनमध्ये सेटिंगच्या बॅटरी हेल्थमध्ये Maximum Capacity पहा, 80 च्या आसपास असेल तर बॅटरी बदलायचा खर्च किमतीत धरा. सेटिंगच्या About मध्ये Unknown Part लिहिलं असेल तर स्क्रीन, बॅटरी असा तो पार्ट बाहेरचा असू शकतो. कोणताही फोन असो, *#06# डायल करून आयएमईआय घ्या आणि KYM, स्पेस, तो नंबर असा एसएमएस 14422 वर पाठवा, चोरीचा म्हणून ब्लॉक असेल तर कळतं. जुन्या मालकाचं अकाउंट मागत असेल तर ठेवूच नका.

काही निघालंच तर

आम्ही त्याच संध्याकाळी रिटर्न टाकला, रिपोर्टचा फोटो आणि लिस्टिंगचा स्क्रीनशॉट जोडून. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा फोन, "ताई, रिटर्न कॅन्सल करा, हजार रुपये वापस टाकतो." तिने मला विचारलं, दादा काय करू. मी म्हटलं कॅन्सल अजिबात करू नको, जे काय द्यायचं ते वेबसाइटच्या चॅटवर लिहू दे. कारण रिटर्न एकदा कॅन्सल केला आणि मुदत संपली की फोनवरच्या बोलण्याला काही किंमत राहत नाही. त्याने लिहून काही दिलं नाही, शेवटी मशीन बदलून आली. तिच्यावर सगळं पुन्हा केलं, बॅटरी 51,900 म्हणजे साडेशहाऐंशी टक्के, सेटअपला कोणत्या कंपनीचं नाव नाही. ती ठेवली.

विक्रेता ऐकतच नसेल तर आधी वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तरी नाही झालं तर ग्राहक आयोग. विक्रेता दिल्ली-बंगलोरचा असला तरी 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नागपुरातच, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तिथे लागतात ते कागद तुमच्याकडे आधीच आहेत: बिल, लिस्टिंग, चॅट, उघडतानाचा व्हिडिओ आणि पहिल्या दिवशीचा बॅटरी रिपोर्ट.