अनोळखी माणसाच्या फोटोचा उगम शोधताना या चुका टाळा

डिचोलीत आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर एका रात्री फोटो आला. टोपी घातलेला एक माणूस, मागे दुकानांची रांग, खाली लाल पट्टीवर ‘मुलं पळवणारा, बाजारात दिसला’. शेजारच्या काकूंचा लगेच फोन, "बघ रे जरा, खरं का हे?"

घाईत मी अख्खा स्क्रीनशॉटच गूगल लेन्सला दिला आणि तिथेच चुकलो. लेन्स चित्रातली अक्षरंही वाचतं, त्यामुळे मुलं पळवण्याच्या बातम्याच पुढे आल्या. म्हणून लाल पट्टी आणि व्हॉट्सॲपची चौकट आधी कापा. पण नुसता चेहरा उरेल इतकंही कापू नका, मागची दुकानं राहू द्या. फोटो ओळखायला तीच जास्त उपयोगी पडतात.

पुन्हा शोधल्यावर टोपीवाल्यांचा ढीग आला. एकाखाली नाव-गावही होतं. ते ग्रुपवर टाकलं असतं तर भलताच माणूस गोत्यात आला असता. लेन्स आधी दाखवतं ती ‘सारखी’ चित्रं. तोच फोटो हवा तर `Exact matches` उघडा. तोच आहे का, हे चेहऱ्यावरून ठरवू नका. शर्टाच्या घड्या, सावली, मागून जाणाऱ्याचा हात हे सगळं जसंच्या तसं जुळलं पाहिजे.

तिथे पाच-सहा पोस्टी मिळाल्या, सगळ्या त्याच आठवड्यातल्या. प्रत्येकीत गाव वेगळं, बाजार मात्र ‘आपलाच’! मग फोटो मोठा करून पाहिला, तर मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी. कुणीतरी तो आरशासारखा फिरवला होता, आणि असा फोटो शोधयंत्राला पुष्कळदा ओळखू येत नाही. फोनच्या गॅलरीतच सुलटा केला आणि या वेळी टिनआय या फोटोवरून शोधणाऱ्या संकेतस्थळाला दिला.

टिनआयमध्ये निकाल `Oldest` असे लावता येतात, पण त्या तारखेवर डोळे मिटून विसंबू नका. टिनआयला तो फोटो त्या पानावर पहिल्यांदा कधी सापडला, एवढंच ती सांगते. फोटो त्याआधीचा असू शकतो. मी `Biggest image` पण बघतो. कापलेल्या फोटोत मुळापेक्षा जास्त काही असूच शकत नाही, म्हणून ज्या प्रतीत कडेचं सर्वांत जास्त दिसतं ती उगमाच्या सर्वांत जवळची.

तशी प्रत मिळाली. तिच्यात त्या माणसासमोर फुग्यांची गाडी होती, जी आमच्याकडे आलेल्या फोटोत कापलेली. पान फोटो काढणाऱ्याचंच, काही वर्षांपूर्वीचं, आणि फोटोखालची ओळ परराज्यातल्या जत्रेची. पाटीवरची लिपीही तिथलीच.

काहीच सापडलं नाही तर फोटो ताजा किंवा दावा खरा ठरत नाही. खाजगी ग्रुपांतच फिरणारे फोटो या यंत्रांपर्यंत पोचतच नाहीत.

ग्रुपवर मी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी टाकले, लिंकसकट. काकूंचा एकच प्रश्न आला, "मग फुगे का कापले रे?"